सव्वा तासाच्या भाषणातून मिनिटभराचा शॉर्ट: कट कुठे घ्यायचा आणि वर कोणती ओळ लिहायची?

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त मृदाशास्त्रज्ञांचं क्षारपड जमिनींवर सव्वा तासाचं भाषण झालं. त्यातला जिप्समचा भाग मिनिटभराचा शॉर्ट म्हणून टाकायचाय. मी कापला की सुरुवात अधांतरी वाटते आणि शेवट तुटल्यासारखा. कट नेमका कुठे घ्यायचा? आणि वर काय लिहायचं? उतारा वेळेसकट सोबत देतोय.

उत्तर:

आधी तुमचा उतारा इथे ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

३४:०७ – "तर मघाशी ते दादा विचारत होते ना, की जमिनीवर पांढरं फुटलंय, काय टाकायचं? आता बघा, आपल्याकडे काय झालंय…"

३४:२१ – "जमीन पांढरी दिसली की माणूस दुकानात जातो आणि जिप्समची पोती घेऊन येतो. जिप्सम टाकलं की जमीन सुधारते, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण तसं नाही."

३४:३५ – (मागे कुणीतरी बोलतं, वक्ते थांबतात, मग एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतात.)

३५:२१ – "जिप्सम कुठं चालतं? चोपण जमिनीत. जिथं सामू साडेआठच्या वर गेलाय आणि सोडियम मातीला चिकटून बसलाय, तिथं. पण नुसती खारट जमीन असेल, तर जिप्सम म्हणजे मिठात आणखी मीठ. तिथं पाण्याला खाली जायची वाट करून द्यावी लागते. चर काढा, पाइप घाला, निचरा करा. आणि निचरा नसेल तर चोपण जमिनीतही जिप्समचा उपयोग नाही, हे लिहून ठेवा. म्हणून आधी माती तपासा, मग पोतं उचला."

३५:५८ – "म्हणजे असं आहे की…" (पुढचा विषय.)

टाइमलाइन उघडण्याआधी हा उतारा कागदावर कापा. आवाजाचा आलेख बघून कापायला बसलं की डोळा शांत जागा शोधतो, आणि मराठी बोलण्यात सगळ्यात स्वच्छ दिसणारी शांत जागा पुष्कळदा सगळ्यात धोक्याची असते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि त्याच्याही मागे अख्ख्या वाक्याचा कल ठरवणारं शेपूट येतं: "असं म्हणतात", "असं मला वाटायचं", "असं मी म्हणत नाही". वक्ता या शेपटाआधी हमखास दम घेतो. तुमच्याच उताऱ्यात "जिप्सम टाकलं की जमीन सुधारते" यानंतर छान मोकळी जागा असणार. तिथे कट घेतला, तर शास्त्रज्ञ ज्या समजुतीला खोडून काढतायत तीच त्यांच्या तोंडी जाते. शांतता शोधून आपोआप कापणारी सोय वापरत असाल तर हे नक्की तपासा. तिला फक्त आवाज थांबलेला कळतो, वाक्य थांबलेलं कळत नाही.

म्हणून कागदावर प्रत्येक विधानाखाली रेघ ओढा आणि त्याचं शेपूट कुठपर्यंत जातं ते बघा. मग अटी शोधा: "असेल तर", "फक्त", "जिथं… तिथं". या उताऱ्याचा जीव दोन अटींत आहे. एक, जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे, नुसत्या खारट जमिनीसाठी नाही. दोन, निचरा नसेल तर चोपण जमिनीतही त्याचा उपयोग नाही. यातली एक जरी गळली, तरी कुणीतरी शॉर्ट बघून पोती आणेल आणि पैसे मातीत जातील. उलट शेतकऱ्याची गोष्ट गेली तरी विधान जसंच्या तसं राहतं. गोष्ट कितीही रंगलेली असली तरी या शॉर्टमधून ती काढा. हवी तर तिचा वेगळा शॉर्ट होईल.

म्हणजे दोन तुकडे उरले: ३४:२१ ते ३४:३५ आणि ३५:२१ ते ३५:५८. दोन्ही मिळून ५१ सेकंद. यूट्यूब शॉर्ट्सना २०२४च्या ऑक्टोबरपासून तीन मिनिटांपर्यंतची मुभा आहे, त्यामुळे वेळेसाठी अट कापायची वेळ मुळीच येत नाही. तरीही कुणी "फारच लांब आहे, निम्मं करा" म्हणालं, तर दुसऱ्या तुकड्याचा अर्धा भाग ठेवू नका. तो तुकडा राहील तर पूर्ण, नाहीतर शेवटचं वाक्य सोडून जाईल पूर्ण. पहिला तुकडा आणि त्याला लागून शेवटचं वाक्य, "म्हणून आधी माती तपासा, मग पोतं उचला", एवढं जोडलं की १८ सेकंदांच्या आत संपतं आणि त्यात चुकीचं काही राहत नाही. "चोपण जमिनीत" इथे थांबवलेली आवृत्ती मात्र खोटी ठरेल, कारण तिथे निचऱ्याची अट अजून आलेलीच नाही.

आता सुरुवात अधांतरी का वाटते ते. सभागृहातल्या लोकांना एक गोष्ट माहीत होती जी शॉर्ट बघणाऱ्याला माहीत नाही: कुणीतरी प्रश्न विचारला होता. तुम्ही ३४:०७ पासून घेतलं असेल तर "मघाशी ते दादा" कोण हे कळत नाही. ३४:२१ पासून घेतलं असेल तर वाक्य स्वच्छ आहे, पण हे का सांगतायत ते कळत नाही. दोन्हीकडे हरवलेली गोष्ट एकच आहे, आणि वरच्या ओळीचं काम नेमकं तेवढंच: कापताना जो संदर्भ गेला तो परत देणं. त्यामुळे ओळ सुचण्यासाठी डोकं खाजवावं लागत नाही. कापून टाकलेल्या भागात ती पडलेली असते. इथे ती दादांच्या प्रश्नातच आहे:

जमिनीवर पांढरं फुटलंय. जिप्सम टाकायचं का?

शब्द सहा. बघणारा ते वाचतो तेवढ्यात वक्ते "जमीन पांढरी दिसली की" म्हणतात आणि दोन्ही एकमेकांत बसतात. ओळ प्रश्न विचारते, उत्तर वक्ते देतात. ओळीतच उत्तर लिहिलं तर बघायला काही उरत नाही, आणि इथे तर ते उत्तर चुकायचीच शक्यता जास्त. "जिप्सम टाकू नका!" असं लिहिलंत तर वक्ते जे म्हणाले नाहीत ते तुम्ही त्यांच्या डोक्यावर लिहिलंत. "शेतकऱ्यांनो, सावधान" ही ओळ कुठल्याही भाषणावर चालते, म्हणून ती इथे काहीच सांगत नाही. आणि अवतरण चिन्हं फक्त वक्त्यांच्या तोंडून जसेच्या तसे आलेल्या शब्दांनाच द्या. तुमच्या शब्दांत सांगितलेल्या सारांशाभोवती ती आली की बघणाऱ्याला ते वक्त्यांचंच वाक्य वाटतं.

या ओळीखाली लहान अक्षरात दुसरी ओळ हवी: वक्त्यांचं नाव, आणि हे कुठल्या जमिनींबद्दल चाललंय ते. तुमच्या तालुक्यात बसलेल्यांना ते सांगावं लागलं नाही. पण शॉर्ट अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातला माणूस बघेल, रायगडच्या खारभूमीत भात करणाराही बघेल. समुद्राचं पाणी शिरून खारावलेली जमीन वेगळी, आणि वर्षानुवर्षं उसाला पाणी देऊन वर आलेला क्षार वेगळा. "कृष्णाकाठचा ऊसपट्टा" असं काही तुमच्या भागाला लागू होणारं तिथे लिहिलंत की बघणारा आपली जमीन त्याच्याशी ताडून बघतो. ही दुसरी ओळ शेवटपर्यंत पडद्यावर ठेवा. शॉर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेला की खालची माहिती मागे राहते. जे चित्रावर लिहिलंय तेवढंच सोबत जातं. प्रश्नाची मोठी ओळ मात्र दुसरा तुकडा सुरू होताना काढा. तोवर तिचं काम झालेलं असतं, आणि खाली उपशीर्षकं चालू असताना वरचं वाचन कमी झालेलं बरं.

आता टाइमलाइनवर या. मूळ फाइलमधून नेमका तुकडा न काढता, दोन्ही बाजूंना पंधरा-वीस सेकंद जास्त ठेवून कच्चा भाग काढा. ही शिल्लक पुढे लागणार आहे.

```
ffmpeg -ss 00:34:00 -to 00:36:15 -i bhashan.mp4 -c:v libx264 -crf 16 -r 25 -c:a pcm_s16le kaccha.mov
```

इथे `-c copy` वापरण्याचा मोह होतो कारण ते क्षणात होतं. पण तेव्हा चित्र फक्त कीफ्रेमवरच सुरू होऊ शकतं, आणि कीफ्रेम तुम्हाला हव्या त्या जागेच्या काही सेकंद आधीही असू शकते. `-r 25` च्या जागी तुमच्या चित्रणाचा फ्रेम रेट टाका. मोबाइलवरच्या चित्रणात तो कमीजास्त होत राहतो आणि पुढे ओठ व आवाज यांची फारकत होते. इथेच तो एकसारखा करून घेतलेला बरा.

तुटल्यासारखा शेवट बहुतेक वेळा सभागृहामुळे येतो. स्टुडिओत बोललेला शब्द तोंडाबरोबर संपतो, पण सभागृहात ध्वनिक्षेपकावरून आलेला शब्द भिंतींवर घुमत राहतो. "पोतं उचला" मधला शेवटचा "ला" संपल्यावरही त्याचा घुमारा अर्धा सेकंदभर हवेत असतो. आलेखात तो जवळजवळ सपाट दिसतो, म्हणून आपण तिथे कापतो, आणि कानाला दार आपटल्यासारखं वाटतं. शिवाय आपले वक्ते वाक्याच्या शेवटी आवाज सोडतात. "आहे", "नाही", "असतं" हे शब्द निम्मे गिळलेले असतात आणि आलेखात ते शब्द आहेत हेही कळत नाही. त्यामुळे शेवटचा कट आलेखावरून ठरवू नका. हेडफोन लावा, आवाज वाढवा, डोळे मिटा आणि घुमारा पूर्ण विरल्याचं ऐकू आलं की तिथे खूण करा. तिथून पुढे दहा-बारा फ्रेम उतरता फेड द्या. तुमच्या उताऱ्यात ३५:५८ला "म्हणजे असं आहे की" लगेच सुरू होतं. घुमारा विरायच्या आत "म्हणजे"चा "म" आला, तर त्याच्या आधी आवाज कापा आणि पुढची फट त्याच सभागृहाच्या रिकाम्या आवाजाने भरा. हा रिकामा आवाज म्हणजे पंख्यांची घरघर, माइकची बारीक गुणगुण. यासाठीच कच्चा भाग जास्तीचा काढायचा. वक्ते कुठेतरी दोन सेकंद गप्प असतीलच, तेवढा तुकडा बाजूला ठेवा. फट कोरी सोडली तर पंख्यांचा आवाज अचानक गायब होतो आणि बघणाऱ्याला फोन बंद पडला असं वाटतं.

सुरुवातीच्या कटला हाच घुमारा उलट बाजूने छळतो. "काय झालंय"चा घुमारा "जमीन"च्या "ज"खाली असू शकतो. मग शॉर्टच्या पहिल्या क्षणात कुणीतरी "…लंय" म्हणाल्याचा भास होतो. वक्त्यांनी तिथे दम घेतला असेल तर प्रश्न मिटला. घेतला नसेल तर दोन मार्ग आहेत. "आता बघा" पासून सुरू करा, म्हणजे ओळ वाचायला एक-दोन सेकंद मिळतात आणि मला ते वाईट वाटत नाही. किंवा आवाज "जमीन"वरच सुरू करून पहिल्या तीन-चार फ्रेममध्ये चढता फेड द्या. "ज"च्या आधी जीभ हवा अडवते, त्यामुळे तिथे कापायला जागा असते. "प", "ट", "क" यांचंही तसंच. फसवतात ते "स" आणि "श". त्यांची सुरुवात इतकी हळू असते की आलेखात ती शांतताच दिसते. तिथे कात्री लागली की "शेत"चं "चेत" ऐकू येतं. अशा शब्दाआधी दोन-तीन फ्रेम जास्तच ठेवा.

अजून एक. पंचवीस फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, आणि एखादं व्यंजन त्याहून लहान असू शकतं. त्यामुळे आवाजाचा कट फ्रेमच्या रेघेवर बसेलच असं नाही. रिझॉल्व्हच्या फेअरलाइट पानावर किंवा ऑडॅसिटीत फ्रेमच्या आतही कापता येतं. कटवर बारीक "टक्" ऐकू आलं तर तो कट मागे घ्या, ऑडॅसिटीत निवड करून `Z` दाबा आणि मग कापा. निवडीच्या कडा शून्यरेषेवर सरकतात आणि टक् जातो.

मधला जोड, म्हणजे "पण तसं नाही" आणि "जिप्सम कुठं चालतं?" यांच्यामधला, अर्थाच्या दृष्टीने फार चांगला बसतो. नकार आणि लगेच प्रश्न. पण त्यात दोन गोष्टी उघड्या पडतात. पहिली, लय. वक्ते दोन वाक्यांमध्ये साधारण किती थांबतात ते त्यांच्याच भाषणात मोजा आणि तेवढीच जागा इथे सोडा. घाईने चिकटवलं की वयस्कर माणूस अचानक तरुणासारखा बोलतोय असं होतं. दुसरी, श्वास. ३५:२१च्या आधी त्यांनी श्वास घेतला असेल तर तो अख्खा ठेवा, नाहीतर अख्खा काढा. अर्धा श्वास ऐकू आला की इथे कात्री लागलीय हे कुणालाही कळतं.

चित्राचा धक्का लपवण्यासाठी श्रोत्यांचं दृश्य घालता येतं, पण ते त्याच सभेतलं, शक्यतो त्याच सुमाराचं हवं. दुसरीकडे हसणारे श्रोते इथे आणून बसवले तर लोक या वाक्यावर हसले असा अर्थ होतो. दृश्य नसेल तर दुसऱ्या तुकड्यात चौकट थोडी जवळ घ्या, ११५ ते १२० टक्के. त्याहून कमी घेतलं तर तो धक्काच वाटतो, कारण बदल जाणूनबुजून केलाय हे डोळ्याला पटत नाही.

इथे उभ्या चौकटीचा हिशेब आड येतो. तुमचं चित्रण १९२० × १०८० असेल, तर त्यातून उभी पट्टी कापली की जेमतेम ६०८ पिक्सेल रुंदी मिळते आणि ती १०८०पर्यंत ताणावी लागते. चेहरा आधीच मऊ झालेला, त्यावर आणखी जवळ घेतलं की पार जातो. भाषणासाठी मी आडवं चित्र तसंच मधोमध ठेवतो. ते लहान होऊन बसतं, त्यामुळे जवळ घ्यायला पिक्सेल शिल्लक असतात, वक्ते माइकपासून हलले तरी चौकटीबाहेर जात नाहीत, आणि वर-खाली मोकळी जागा मिळते. वरच्या जागेत प्रश्नाची ओळ, खालच्या जागेत उपशीर्षकं. अगदी तळाला आणि उजव्या कडेला काही लिहू नका, तिथे अ‍ॅपची बटणं येतात. टाइप केल्यावर "शास्त्रज्ञ", "जिप्सम" हे शब्द पूर्ण आकारात बघून घ्या, काही एडिटरमध्ये जोडाक्षरं फुटतात.

शेवटचं वाक्य उचलून सुरुवातीला लावायची पद्धत हल्ली फार आहे. या भाषणात ते करू नका. "म्हणून आधी माती तपासा" हा निष्कर्ष आहे, "म्हणून" त्याच्या पोटात आहे, आणि वक्त्यांचा सूर तिथे खाली येतोय. सुरुवातीला तो उतरता सूर लावला की शॉर्ट सुरू होण्याआधीच संपल्यासारखा वाटतो.

तयार झाल्यावर व्याख्यानाला नसलेल्या माणसाला दाखवा आणि एकच विचारा: "तुझ्या शेतात जिप्सम टाकशील का?" "आधी माती तपासेन" असं काहीतरी उत्तर आलं तर कट बरोबर आहेत. "टाकेन" किंवा "नाही टाकणार" असं ठाम उत्तर आलं तर कुठली तरी अट ऐकूच गेलेली नाही. बहुधा ती उपशीर्षकात घाईने सरकून गेलेली असते. त्या ओळीला पडद्यावर जास्त वेळ द्या.

आणि प्रसिद्ध करण्याआधी सव्वा तासाचं उरलेलं भाषण, विशेषतः शेवटची प्रश्नोत्तरं, पुन्हा ऐका. "जिप्सम" हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे थांबा. जाणकार वक्ते स्वतःचं विधान पुढे नेमकं करतात. मात्रा सांगतात, किंवा "मघाशी मी म्हणालो त्यात एक राहिलं" म्हणतात. तसं काही सापडलं आणि ते दहा-पंधरा सेकंदांत बसत असेल, तर ते दुसऱ्या तुकड्यात, "म्हणून आधी माती तपासा" याच्या आधी जोडा. बसत नसेल तर पूर्ण भाषणाचा दुवा त्याच मिनिटावर उघडेल असा द्या आणि दुसऱ्या ओळीत "मात्रेबद्दल पूर्ण भाषण पाहा" असं लिहा.